पहिल्या मंगळवारचे पत्र

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, तीनशे बारा पत्त्यांवर एक ईमेल जात असे. ते वाचायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नसे. त्यात एका घराची हकीकत असे. घर कोणाचे, कुठले, हे कधीच नसे. खिडकीखाली पोपडे का धरतात, न्हाणीघराच्या मागची भिंत काळी का पडते, नवीन रंग दोन महिन्यांत का सुटतो, असा एकच प्रश्न घेतलेला असे आणि त्याचे साधे उत्तर दिलेले असे. शेवटी एक ओळ : 'काही विचारायचे असेल तर याच पत्राला उत्तर द्या.' आणि त्याखाली बारीक अक्षरांत, पत्र नको असल्यास कुठे दाबायचे ते.

हे पत्र लिहिणाऱ्या बाईंना सगळे ओलताई म्हणत. त्या स्थापत्य अभियंता होत्या. एका मोठ्या बांधकाम कंपनीत अठरा वर्षे काढल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि लोकांच्या घरांतली ओल शोधून देण्याचे काम एकटीने सुरू केले. दुरुस्ती त्या करीत नसत. ओल कुठून येते तेवढे सांगून, लेखी अहवाल देऊन त्या बाजूला होत. राहत्या घरातली रस्त्याकडची खोली हेच त्यांचे कार्यालय होते. तिथे एक टेबल, एक संगणक, आणि भिंतीशी लावलेल्या फळीवर निरनिराळ्या घरांतून खरवडून आणलेल्या गिलाव्याच्या पुड्या असत. त्यांवर तारखा असत, नावे नसत.

या धंद्याची अडचण अशी की त्याची गरज माणसाला सात-आठ वर्षांतून एकदा पडते. काम चांगले झाले की गिऱ्हाईक समाधानाने निरोप देते आणि त्याच समाधानात तुम्हाला विसरूनही जाते. पुन्हा भिंत ओली झाली की त्याला आठवते ते एवढेच, की 'एक बाई आल्या होत्या, फार चांगल्या होत्या'. नाव आठवत नाही, नंबर सापडत नाही, आणि तो पहिल्या दिसेल त्या रंगाऱ्याला बोलावतो. ताईंचे पत्र या विसराळूपणावरचा उपाय होते. मागे लागायचे नाही, पण आठवणीतून उतरायचेही नाही, एवढाच त्याचा हेतू होता.

सुरुवातीला ताईंनी साध्या ईमेलमधूनच पत्रे पाठवली. पहिल्याच खेपेला सगळे पत्ते एकमेकांना दिसतील असे टाकले आणि एका वकिलाचे चार ओळींचे खरमरीत उत्तर आले. मग पत्ते लपवून पाठवले, तर निम्मी पत्रे लोकांच्या कचऱ्याच्या कप्प्यात जाऊन पडली. शेवटी त्यांनी हेच काम करणारी एक सेवा घेतली. त्याआधी मात्र प्रत्येकाला वेगळे लिहून विचारले : 'महिन्यातून एकदा छोटे पत्र पाठवले तर चालेल का?' ज्यांनी हो म्हटले तेवढेच यादीत आले.

सर्वांत आधी हो म्हणणाऱ्यांत एक निवृत्त ग्रंथपाल बाई होत्या. त्या सेवेच्या नोंदणीच्या पानावर पत्ता भरताना त्यांनी नावाच्या जागी नुसते 'ग्रंथपाल' असे लिहिले होते. त्यांच्या घरात त्याच्या आदल्या वर्षी खिडकीखाली ओल आली होती आणि तीन कारागिरांनी ती भिंत तीनदा फोडली होती. ताईंनी ओलमापकाच्या दोन सुया भिंतीला जागोजागी टेकवून दाखवले, की पाणी खिडकीतून येतच नव्हते. ते वरच्या सज्ज्याच्या कडेने शिरून आतल्या आत पाच हात चालत येत होते. "म्हणजे दिसतं तिथे नसतंच," बाई म्हणाल्या होत्या. "माझ्या वाचनालयातल्या हरवलेल्या पुस्तकांसारखं." त्यानंतर त्यांनी ताईंचे पत्र ओळखीपाळखीत इतके फिरवले, की यादीतली निदान चाळीस माणसे त्यांच्यामुळे आलेली होती.

पत्रामुळे लगेच काम येत नसे. आठ-दहा महिन्यांनी कोणीतरी जुन्याच पत्राला उत्तर देई : 'तुम्ही मागे लिहिलं होतं तसं आमच्या कपाटामागे दिसतंय. कधी येता?' दरमहा अशी दोन उत्तरे आली तरी ताईंचे भागत असे. एखादा माणूस यादीतून जाई, एखादा येई. ताईंना त्यात कमीपणा वाटत नसे.

मग सलग तीन महिने एकही उत्तर आले नाही.

याच काळात त्यांचे दीर घरी आले. ते एका गाद्यांच्या कंपनीत विक्रीचे काम पाहत. माणूस उमदा, घरातल्या प्रत्येकाची थट्टा करण्याचा आपल्याला जन्मसिद्ध हक्क आहे असे समजणारा. चहाचा कप घेऊन ते कार्यालयाच्या खोलीत शिरले आणि संगणकासमोर बसले.

"वहिनी, हे पत्र कोण उघडतं, कोण नाही, ते बघता का कधी?"

"शेकडा पंचेचाळीस उघडतात. पुरे की."

"पंचेचाळीस म्हणजे कोण? नावं आहेत इथे. हे काय, इथे दाबलं की." त्यांनी दाबले. पडद्यावर नावांची रांग लागली. प्रत्येकापुढे किती वेळा उघडले आणि कोणत्या लिंकवर गेले ते. "वहिनी! तीन वर्षं दुर्बीण खिशात ठेवून तुम्ही डोळे चोळत बसलात!"

ताई पुढे वाकल्या. हे पान असते हे त्यांना माहीत होते. ते उघडायचे नाही असे काही त्यांनी ठरवलेले नव्हते. उघडले नव्हते एवढेच.

"ही बघा, ग्रंथपाल. या महिन्याच्या पत्रात तुम्ही एक यादी जोडली होती, 'घर विकण्याआधी काय तपासावे'. हिने ती तीन दिवसांत पाच वेळा उघडलीय. पाच वेळा कोण वाचतं? ज्याला विकायचंय तो."

"वाचू देत."

"वाचू देत काय? ती दारात येऊन उभी आहे आणि तुम्ही आतून कडी लावून म्हणताय, आजकाल कोणी येतच नाही."

"भाऊजी, त्या पत्रातून मी काही विकत नाही. म्हणून तर लोक ठेवतात ते."

"विकू नका. नुसता फोन करा. सहज म्हणून. कशा आहात, बरं आहे ना, भिंत काय म्हणते, आणि मग हळूच." दीर उठले. "बघा बुवा. आम्ही गाद्या विकणारी माणसं. आम्हाला कोण झोपेला आलंय ते बरोबर कळतं."

ताई हसल्या. पण दीर गेल्यावर त्यांनी ते पान बंद केले नाही. एकेक नाव त्या वाचत गेल्या. ज्या वकिलाने खरमरीत उत्तर लिहिले होते तो प्रत्येक पत्र उघडत होता. ज्या मैत्रिणीने 'तुझं पत्र मी कधी चुकवत नाही' असे सांगितले होते तिने वर्षभरात एकही उघडलेले नव्हते. वाचता वाचता त्यांच्या मनात एक हलकी, चोरटी गंमत उत्पन्न झाली, आणि त्या गमतीची त्यांना त्या वेळी लाज वाटली नाही. लाज नंतर आली, आणि आली ती एकट्या फोनची आली नाही, या अर्ध्या तासाचीही आली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी ग्रंथपाल बाईंना फोन केला. त्याआधी त्यांनी पहिले वाक्य दोनदा मनात म्हणून पाहिले होते. ते वाक्य 'सहज' या शब्दाने सुरू होत होते.

"सहज केला हो फोन. कशा आहात?"

"अरे वा, ताई! मजेत. तुमच्या कृपेने भिंत कोरडी आहे. दादा त्या भिंतीला पाठ टेकून पेपर वाचतो आता." दादा म्हणजे बाईंचे थोरले भाऊ. दोघेही एकटे, आईवडिलांच्या घरात दोघे मिळून राहत. "बोला, काय म्हणता?"

"काही नाही. म्हटलं, घर विकायचा विचार चाललाय, तर आधी एकदा सगळं बघून देऊ का? म्हणजे घेणाऱ्याला अहवाल दाखवता येतो. बरं पडतं ते."



"कोण विकतंय घर?"

"नाही, म्हणजे तुम्ही ती यादी पाहिलीत ना, विकण्याआधीची. चार-पाचदा. म्हणून मला वाटलं—"

"मी? मी नाही पाहिली कुठली यादी. मी पत्र वाचते, खालच्या लिंका मी कशाला उघडू?"

"तुमच्याच पत्त्यावरून उघडलेली दिसते."

 

"ताई," बाई सावकाश म्हणाल्या, "हा पत्ता आमच्या दोघांचा आहे. दादाचा आणि माझा. घरात एकच संगणक, एकच पत्ता."

ताईंनी पडद्यावरच्या त्या नावाकडे पाहिले.

"आणि मी काय उघडलं, काय नाही, हे तुम्हाला दिसतं?"

"तसं ते... त्या सेवेत आपोआप येतं."

"आपोआप येतं. बरं." आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईंना बरे वाटले असते. "ठेवते मी. दादा बाहेर गेलाय, यायची वेळ झाली त्याची."

ओल जिथे दिसते तिथून ती येत नाही, हे ताईंनी तीनशे माणसांना तीन वर्षे शिकवले होते. काही ईमेलचे कार्यक्रम माणसाने पत्र न उघडताही ते उघडल्याची नोंद करवतात, हेही त्यांनी कुठेतरी वाचले होते. पत्ता म्हणजे माणूस नव्हे, एवढी साधी शंका भिंतीच्या बाबतीत त्यांना पहिल्या मिनिटाला आली असती. पण नावांच्या रांगेपुढे त्या अभियंता राहिल्या नव्हत्या. एका माणसाने आपल्या घरातल्या माणसाला जे सांगितले नव्हते ते त्यांनी त्याच्या आधी, फोनवरून, 'सहज' सांगून टाकले होते.

दोन दिवस त्यांनी काम केले नाही. नवऱ्याने विचारले तेव्हा डोके दुखते म्हणून सांगितले. तिसऱ्या दिवशी त्या उठून ग्रंथपाल बाईंच्या घरी गेल्या. आधी फोन करण्याचा धीर झाला नाही.

दार दादांनी उघडले. उंच, वाकलेले, हातात चष्मा.

"या, या. बेल कशाला वाजवलीत? आम्ही कोणत्या खोलीत बसलोय ते दिसत असेलच तुम्हाला."

"दादा, आत तर येऊ दे त्यांना," आतून बाईंचा आवाज आला.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एक त्या कोरड्या भिंतीला टेकलेली आणि दुसरी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. ताई चार वर्षांपूर्वी आल्या तेव्हा त्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. ताईंनी हे पाहिले आणि पाहिले म्हणून मान खाली घातली.

"मी माफी मागायला आलेय. दोघांचीही."

"माझी कशाला?" दादा म्हणाले. "माझं काम सोपं केलंत. चार महिने मी वाक्य जुळवत होतो, हिला कसं सांगावं. हे तीन जिने आता गुडघ्यांना होत नाहीत, तळमजल्याचं काहीतरी बघू या, एवढंच. तुम्ही एका फोनात उरकलंत. आता ही म्हणते, तू चोरून बघत होतास. बघत होतो! स्वतःच्या घरात, स्वतःच्या संगणकावर. मला काय ठाऊक, कोणी मोजतंय!"

"दादा."

"बसतो गप्प."

बाईंनी ताईंकडे पाहिले. "घराचं आम्ही बघू. भावंडं आहोत, भांडू, बोलू. त्यात तुम्ही पडू नका आता." त्या थांबल्या. "मी एकतीस वर्षं वाचनालयात होते. कोण काय वाचायला नेतंय, सगळं माझ्याकडे लिहिलेलं असायचं. एकदा एक गृहस्थ आले, म्हणाले, माझ्या बायकोने गेल्या महिन्यात कोणती पुस्तकं नेली? घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक होतं त्यात. मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. ते म्हणाले, मी नवरा आहे. मी म्हटलं, मग तिला विचारा. वही माझ्यासमोर उघडी होती, ताई. पुस्तक परत यावं म्हणून ती वही होती. माणूस काय विचार करतोय ते ओळखावं म्हणून नव्हती."

ताईंनी काही बोलायचा प्रयत्न केला.

"आणि मी तुमचं पत्र चाळीस जणांना दिलं. म्हणजे त्या चाळीस जणांना मीच नेऊन बसवलं त्या खिडकीसमोर. त्याचं मला जास्त लागलंय."

ताईंना चहा कोणी विचारला नाही. जिना उतरताना त्यांनी पायऱ्या मोजल्या नाहीत, तरी त्या किती उंच आहेत ते त्यांना प्रथमच जाणवले.

अपराध आणि लाज यांत फरक आहे. अपराध केलेल्या कृतीचा असतो. तिची भरपाई करता येते किंवा करता येत नाही. लाज असते ती कृती करण्याच्या घटकेला आपण कोण होतो याची. ताईंनी चुकून फोन केला नव्हता. त्यांनी वाक्याची तालीम केली होती. सहजपणाचा आव आणण्यासाठी केलेली ती तालीमच त्यांना पुनःपुन्हा ऐकू येत राहिली. आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी कोणालाच सांगितली नाही : पत्राची सारी पुण्याई, 'मी मागे लागत नाही' हे सारे, त्या इतकी वर्षे ज्या दारात उभ्या राहून म्हणत होत्या त्याच्या मागे ते नोंदींचे पान पहिल्या दिवसापासून भरत होते.

पुढचा पहिला मंगळवार नऊ दिवसांवर होता. ताईंनी पत्र लिहायला घेतले. घडले ते सगळे लिहायचे असे त्यांनी ठरवले : फोन, दोघांचा पत्ता, विकण्याची यादी. नावे अर्थात नव्हती. लिहून झाल्यावर त्यांनी ते दिरांना फोनवर वाचून दाखवले, कारण दुसऱ्या कोणाला दाखवण्यासारखे नव्हते.

"वहिनी, चूक माझी होती, मान्य," दीर म्हणाले. त्यांच्या आवाजात या वेळी थट्टा नव्हती. "पण एकीला दुखावलंत तर एकीची माफी मागा. ती मागितलीत. आता तीनशे जणांपुढे कान कशाला धरताय? त्यातल्या निम्म्यांना कळलंसुद्धा नसतं."

"म्हणूनच."

"बरं, सांगा. पण ही भाऊबहिणीची गोष्ट? तुमच्या यादीत चाळीस माणसं त्या बाईंच्या ओळखीची आहेत म्हणालात ना? ती ओळखणार नाहीत?"

ताईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्या पुन्हा तेच करायला निघाल्या होत्या. या वेळी प्रायश्चित्ताच्या नावाने.

ती सारी हकीकत त्यांनी पुसली. जे उरले ते नेहमीच्या पत्राहूनही लहान होते :

'हे पत्र कोण उघडते आणि त्यातले काय वाचते, याची नोंद मला दिसत होती. हे मी तुम्हाला कधी सांगितले नव्हते. गेल्या महिन्यात मी ती नोंद नावानिशी पाहिली आणि तिचा उपयोग केला. ते चूक होते. ती नोंद मी बंद केली आहे आणि जुनी काढून टाकली आहे. या महिन्यात घराविषयी काही नाही. पत्र नको असल्यास खाली दाबा. कारण विचारले जाणार नाही.'

जुनी नोंद काढून टाकणे वाटले तितके सोपे नव्हते. बंद करण्याची कळ सापडली, पण मागचे तसेच राहत होते. शेवटी त्यांनी पत्ते उतरवून घेतले, नवे खाते उघडले, त्यात पहिल्यापासूनच मोजणी बंद ठेवली आणि जुने खाते मिटवले. तसे करताना ज्यांनी आजवर यादी सोडली होती त्यांचे पत्तेही वेगळे सांभाळून नेणे भाग होते. नाही तर नव्या खात्यातून त्यांना पुन्हा पत्र गेले असते. ज्यांना आपण नको आहोत त्यांना विसरण्याचीही मुभा नसते, हे ताईंना त्या दुपारी कळले.

मंगळवारी पत्र गेले. एरवी एखाददुसरा माणूस यादी सोडी. त्या आठवड्यात तेवीस जणांनी सोडली. अकरा उत्तरे आली. एकाने लिहिले, 'प्रामाणिकपणाबद्दल आभार.' एकीने लिहिले, 'मग त्या दिवशी तुम्ही मला फोन केलात तो असाच का?' तो फोन तसा नव्हता, पण ते सिद्ध करण्याचा मार्ग आता उरला नव्हता. आणि वकिलाने एकच ओळ लिहिली : 'सगळेच बघतात, बाई; तुम्ही सांगितलंत हाच काय तो फरक.' ही ओळ ताईंना सर्वांत वाईट वाटली, कारण ती दिलासा म्हणून लिहिलेली होती.

सोडून गेलेल्यांत 'ग्रंथपाल' हे नाव होते. ते पाहायचे नाही असे ताईंनी ठरवले होते. पण सेवेने ते आपोआप कळवले.

पत्रे पुढे चालू राहिली. दोनशे एकोणनव्वद पत्ते, दोन मिनिटांचा मजकूर, एक घर, एक भिंत. आता लिहिताना ताईंना कोण वाचते हे कळत नसे. पत्र धाडल्यावर त्या संगणक बंद करून कामाला लागत, आणि ज्या महिन्यात उत्तर येत नसे त्या महिन्यात उत्तर आले नाही एवढेच त्यांना ठाऊक असे. दिरांनी पुन्हा तो विषय काढला नाही. एकदाच म्हणाले, "वहिनी, दुर्बीण फेकलीत, आता निदान चष्मा तरी लावा," आणि स्वतःच ओशाळले.

पाच महिन्यांनी, एका शुक्रवारी, अनोळखी पत्त्यावरून दोन ओळी आल्या.

'हा पत्ता फक्त माझा आहे. पत्र पाठवत जा. — ग्रंथपाल.'

ताईंनी त्या दोन ओळी बराच वेळ पाहिल्या. आनंद झाला नाही असे नाही. पण त्यामागोमाग दुसरे काही आले. फक्त माझा. एका घरात दोन पत्ते करावे लागले होते, की घरेच दोन झाली होती? तीन जिन्यांचे घर विकले गेले होते का? त्या दोन खुर्च्या कुठे होत्या? फोन करून विचारता आले असते. नुसते सहज.

त्यांनी पत्ता यादीत घातला. नावाच्या जागी 'ग्रंथपाल' लिहिले. उत्तरात एकच शब्द पाठवला : 'जोडले.' मग त्या मंगळवारच्या पत्राकडे वळल्या. त्यात त्यांनी घर विकण्याविषयी काही लिहिले नाही, जिन्यांविषयी नाही, आणि एकत्र राहणाऱ्या माणसांविषयीही नाही. एका गच्चीच्या कोपऱ्यात साचणाऱ्या पाण्याविषयी लिहिले, आणि ते पत्र एका अनोळखी घरातल्या एका बाईला काही सुचवत तर नाही ना, हे पाहण्यासाठी चारदा वाचले.